लॅपटॉपच्या पाठीवरचा आबांचा नंबर

माझ्या लॅपटॉपच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये आबांचा फौजेतला नंबर लिहिलेला आहे. खाली हुद्दा, त्याखाली आडनाव, सगळ्यात खाली जिल्हा सातारा. वर्गातली मुलं त्याला ‘रणगाडा’ म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे. आमच्या घरातल्या बादलीवर, दुधाच्या किटलीवर, आईच्या शिलाई मशिनवर, एवढंच काय, पाटा-वरवंट्यातल्या पाट्यावरसुद्धा हाच मजकूर आहे. आबा, म्हणजे माझे वडील, बावीस वर्षं फौजेत होते. तिथं ट्रंकेवर नंबर नसला तर ट्रंक हरवली म्हणूनच समजायचं.

मी घरातली पहिली पदवीधर. एम.एस्सी.ला सांगलीत प्रवेश मिळाला त्या दसऱ्याला आबांनी साताऱ्याहून लॅपटॉप आणला. पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी उलटा करून ब्रश घेतला. पाठीवर जाळ्या आणि स्क्रूच फार होते. सपाट जागा एकच सापडली, तिथं कंपनीनं आधीच एक चिठ्ठी चिकटवलेली होती. आबांना वाटलं, लिहायची जागा म्हणूनच दिली असणार. त्यांनी त्या चिठ्ठीवर दोन हात पेंट मारून झकास अक्षरात नंबर घातला.

पुढच्या वर्षी, पितृपंधरवड्यात, प्रकल्पाचा अहवाल अर्ध्यावर असताना लॅपटॉपचा पडदा काळा पडला. तडा नाही, पडला-झडला नाही. पंखा फिरायचा, चालू होताना आवाज यायचा, पण दिसायचं काही नाही. विभागातल्या मुलांनी विचारलं, “वॉरंटी आहे का?”

मी आबांना फोन लावला.

“हाय की. दसऱ्याला घेतलाय, दसऱ्यापतोर हाय. अजून लय दिवस हायत. घाबरू नगं.”

मी निर्धास्त झाले. नवा पडदा विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि अहवाल दिला नाही तर वर्ष वाया जाणार होतं. पण वॉरंटी होती. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या माणसानं गोड आवाजात सिरियल नंबर विचारला. मी लॅपटॉप उलटा केला, चिठ्ठीवरचा आबांचा पांढरा पेंट बघितला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान एक ताई चालवायच्या. बोलायच्या भराभर, हातातला स्क्रूड्रायव्हर बोटासारखा रोखून. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, मोबाइलवर कंपनीचं वॉरंटीचं पान उघडलं आणि पाठीवरचा पांढरा नंबर टाइप केला.

“असं उपकरण सापडत नाही म्हणतंय. परत टाकते.”

“ताई, तो माझ्या वडिलांचा नंबर आहे.”

“वडिलांचा?”

“फौजेतला.”

ताईंनी एकदा नंबराकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून हसत सुटल्या. “अगं, मग वॉरंटी त्यांची निघेल! बरं, कंपनीचं लेबल कुठाय?”

“त्याच्या खाली.”

मग त्यांनी मला समजावलं. झाकणावर लिहिलेलं असतं ते सगळ्या कुळाचं नाव. एकाच नावाखाली पुष्कळ मॉडेल निघतात, दिसायला एकसारखी. कुणाच्या पडद्याच्या पट्टीला तीस पिना, कुणाच्या चाळीस. कुणात वायफायचं कार्ड एका बनावटीचं, कुणात दुसऱ्या, म्हणून ते चालवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरही वेगळे. पार्ट मागवायचा तर नेमका मॉडेल नंबर लागतो. आणि वॉरंटी त्या एकाच नगाची बघायची असते, त्याला सिरियल नंबर. तो जगात दुसऱ्या कुणाचा नसतो.

“बिलावर असंल की लिहिलेला. बिल आहे?”

बिल होतं. आबांनी ते टिकावं म्हणून साताऱ्यात लॅमिनेट करून घेतलं होतं. मी ते पिशवीतून काढून दिलं. ताईंनी ते उजेडात धरलं. बिल उष्णतेनं छापणाऱ्या कागदावरचं होतं, आणि लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून गेल्यावर अख्खं काळंकुट्ट झालं होतं. कडा मात्र सुरेख बंद केलेल्या.

“काय गं,” ताई म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनी सोडलंय काय?”

राहिलं खोकं. मी आईला फोन केला.

“खोकं हाय की माळवदाखाली,” आई म्हणाली. “पन आता न्हाई काढायचं. तलंगी अंड्यावर बसलीय त्यात.”

“आई, त्यावर एक पांढरी चिठ्ठी असेल. नंबर वाच ना.”

बराच वेळ फडफड, आईचं “सर की गं बये, खातीय का मी तुला” आणि कोंबडीचा संताप ऐकू आला. मग आई परत आली. “टोचून टोचून खाल्लीय चिठ्ठी. शेवटची चारच अक्षरं राह्यलीत.” तिनं ती सांगितली आणि ताईंनी ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून ठेवली. “साक्षीला होतील,” म्हणाल्या.

हे सगळं आबांच्या कानावर गेलं आणि सकाळच्या एसटीनं ते सांगलीत हजर. इस्लामपूर सुटल्यावर एकदा फोन, सांगली स्टँडवर उतरल्यावर एकदा. दुकानात शिरले ते कडक इस्त्रीच्या शर्टात आणि हातातल्या पिशवीत थिनरची बाटली, फडकं, ब्लेड.

“ताई, बाजूला व्हा. मी घातलाय, मीच काढतो.”

“काका, थांबा!” ताईंनी लॅपटॉप छातीशी धरला. “थिनरनं तुमचा पेंट जाईल, आणि त्याच्याबरोबर खालची छपाईपण जाईल. मग दोघांचाही नंबर गेला.”

आबांनी बाटली पिशवीत ठेवली. मला वाटलं ते रागावले, पण ते हळूच म्हणाले, “मला वाटलं, तिला चोरी व्हायची भीती नगं.”

ताईंनी खुर्ची पुढं केली.

“काका, वॉरंटी कधीपर्यंत म्हणालात?”

“दसऱ्यापतोर. गेल्या दसऱ्याला घेतलाय.”

ताईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “आवं काका, यंदा अधिक महिना येऊन गेला की! दसरा किती लांब गेलाय बघा. कंपनी तिथी पाळत नाही, तारीख पाळते.”

आबा उठून दिनदर्शिकेपाशी गेले. गेल्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होता. आज ऑक्टोबरचा पहिला आठवडाच चालू होता. नेमकी तारीख काळ्या बिलाच्या पोटात होती. वॉरंटी आज होती की काल संपली, हे तिघांपैकी कुणालाच सांगता येईना.

“आता नंबर मशिनच्या आतूनच काढायचा,” ताई म्हणाल्या. “आत कोरलेला असतोय. माझा मॉनिटर जोडते, त्यावर दिसंल.” त्यांनी वायर जोडली, बटण दाबलं आणि त्याच क्षणी गल्लीतली वीज गेली.

“घ्या! आता हिला काय धाड भरली?” ताई वैतागल्या.

मॉनिटर मेला. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू होता, पंखा घरघरत होता. ताई त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “थांबा. शटर अर्धं ओढा. काका, मोबाइलची बॅटरी लावा. समोरून नको, तिरकी धरा.”

आबांनी टॉर्च तिरका धरला आणि मी पुढं वाकले. काळ्या पडद्यावर, पाण्याखाली दिसावीत तशी, फिकट अक्षरं होती! चित्र होतंच, फक्त मागचा उजेड गेला होता. ताईंनी लॅपटॉप बंद करून परत चालू केला आणि एक बटण टकटक दाबत राहिल्या. विंडोज सुरू व्हायच्या आधीचं, मशिनच्या स्वतःच्या माहितीचं पान उघडलं.

“वाच.”

मी नाक पडद्याला लावून वाचू लागले. आधी मॉडेल, मग सिरियल. ताई पुठ्ठ्यावर लिहीत होत्या. आबांचा हात तसूभर हलला नाही. शेवटची चार अक्षरं मी वाचली तशा ताई ओरडल्या, “जुळली! कोंबडीनं ठेवलेली चारही जुळली!”

त्यांनी मोबाइलवर नंबर टाकला. पान उघडायला वेळ लागला. आबा टॉर्च लावूनच उभे होते.

“चालू आहे,” ताई म्हणाल्या. “उद्या संपतीय. फोन लाव आधी. आज तक्रार नोंदली की झालं, दुरुस्ती मागून होते.”

मी मदत क्रमांक लावला. माणूस परवाचा नव्हता, पण गोड तितकाच. मी नंबर सांगू लागले. रस्त्यावर कुणाचा तरी जनरेटर सुरू झालेला. त्याला बी ऐकू जाई की डी, मला कळेना. तो तिसऱ्यांदा ‘परत सांगा मॅडम’ म्हणाला तेव्हा आबांनी माझ्या हातातून फोन घेतला, पुठ्ठा समोर धरला आणि ते ताठ उभे राहिले.

“नोट करा,” त्यांचा आवाज शटरवर आपटला. “फाइव्ह. चार्ली. डेल्टा. नाइन. ब्राव्हो.”

फौजेत वायरलेसवर सी म्हणजे चार्ली, डी म्हणजे डेल्टा, बी म्हणजे ब्राव्हो. पलीकडचा माणूसही तसाच म्हणत गेला. आबा एक अक्षर म्हणत, तो तेच परत म्हणे, आबा “करेक्ट” म्हणत. शेवटी तो बोलला, “सर, आप फौज से हैं?” आबा म्हणाले, “हां जी.” “मेरे चाचा भी.” मग दोघं मिनिटभर लॅपटॉप सोडून भलतंच बोलत राहिले. तक्रार क्रमांक मेसेजनं आला तेव्हा ताईंनी शटर वर केलं.

“काका, पैसे नको,” त्या म्हणाल्या, “पण एकदा ते परत म्हणून दाखवा. चार्ली, काय ते.”

पडदा आठवड्याभरात आला. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं पाठ बघून भुवया उंचावल्या, मशिनच्या आतला नंबर ताडून पाहिला आणि काही न बोलता कामाला लागला. पडदा पहिल्या फटक्यात बसला. अहवाल मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिला. त्या पुठ्ठ्यावरच्या मॉडेल नंबरावर पुढं मी वायफायचे ड्रायव्हरही उतरवून घेतले, आणि पुठ्ठा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

तक्रार नोंदली त्या दिवशी परतीच्या एसटीत बसायच्या आधी आबांनी मला स्टँडवर चहा पाजला. म्हणाले, “मला आता कळलं बघ. मॉडेल म्हंजे पलटन. सगळ्यांची वर्दी सारखी. आन् सिरियल म्हंजे आपला नंबर. आमचंबी सगळं रेकॉर्ड त्या नंबरावरच निघतंय. नावावर न्हाई.”

“मग आबा, पुढच्या वेळी पेंट कुठं घालायचा?”

“झाकणावर,” आबा म्हणाले. “लय जागा हाय तिथं.”

त्यानंतर माझ्या मोबाइलवर गावाकडून फोटो येऊ लागले. विहिरीवरच्या मोटारीची पाटी. मिक्सरचं बूड. टीव्हीची पाठ. प्रत्येक फोटोखाली आबांचा निरोप: ‘पेंटच्या आधी काढला आहे. जपून ठेव.’ काल एक फोटो आला, त्यात त्यांची जुनी ट्रंक होती आणि तिच्यावरचा तो पांढरा नंबर. खाली लिहिलं होतं, ‘हाबी ठेव. वॉरंटी विचारू नगंस.’