रिकामी यादी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत कारखान्यांच्या गॅस-अलार्मचं सॉफ्टवेअर बनतं. तिथे प्रतीक्षाने हौसेने एक रिपोर्ट बसवला होता. ज्यांच्या पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरमध्ये घालायला पाठवलेल्या बदलांच्या, तपासण्या तीन दिवसांहून जास्त लाल, म्हणजे नापास, त्यांची नावं रोज सकाळी आपोआप ग्रुपवर यायची.

अलार्मची एक सामाईक चाचणी फसत होती, म्हणून सगळ्यांचंच काम लाल होतं. ती चाचणी तिचा सहकारी विपुलची. ती दुरुस्त करायची सोडून त्याने पळवाट शोधली. रिपोर्ट शेवटच्या तपासणीपासून दिवस मोजतो ना, मग रोज संध्याकाळी तपासणी पुन्हा चालवायची! निकाल लालच, पण ताजा. बघता बघता सगळे तेच करू लागले. यादी रिकामी झाली, टीमचे प्रमुख अंकुशसरांनी पेढे वाटले.

प्रतीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या लाल निकालापासून दिवस मोजणारी रिपोर्टची दुरुस्ती तिने पाठवली. तीही त्याच चाचणीवर अडकून लाल झाली. पुन्हा चालवायचं बटण मात्र तिने हट्टाने दाबलं नाही.

चार दिवसांनी रिपोर्टमध्ये एकच नाव आलं.

"अख्ख्या ऑफिसात तुझंच काम कसं अडकतं?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

मीटिंग संपल्यावर विपुल कळवळून म्हणाला, "अगं, एक बटण दाबायला तुझं काय जातं?"