दोघींच्या ब्लेंडमधली घाण

पार्लरमध्ये केस धुता धुता चिमणीची अठरा वर्षं गेली. मऊ हाताची, चिवट बाई. नाव शाळेतलंच, ते देणारी मैत्रीण ढमी बदली होऊन दूरच्या शहरात गेलेली. फोनवर बोलायला दोघींना वेळ नसे, म्हणून ढमीने गाण्यांच्या अॅपवरून एक लिंक पाठवून दोघींची ब्लेंड, म्हणजे सामाईक यादी केली. दोघी जे ऐकतील त्यातून अॅप यादी बनवी, रोज थोडी बदले. गाण्याशेजारी जिच्यामुळे ते आलं तिचा चिमुकला फोटो. दोघींना आवडणारं असेल तर दोन्ही. ढमीच्या फोटोशेजारी जुनी नाट्यगीतं दिसली, की चिमणीला कळे, बाईसाहेबांचा मूड आज बरा आहे. रोज सकाळी बसमध्ये ती आधी यादी उघडत असे.

मग पार्लरच्या मालकिणीचा, मॅडमचा, गाणी लावायचा फोन बिघडला.

"तुझाच फोन जोड गं स्पीकरला. तुझ्यात जाहिराती येत नाहीत ना?"

जोडला. मॅडम दिवसभर जी गाणी लावायच्या, ती ऐकून चिमणीला शिसारी येई. बाईच्या अंगाचा बाजार मांडलेली, वर धाडधाड ठोके. हात गिऱ्हाइकाच्या केसांतल्या फेसात असताना कान झाकता येत नाहीत. गिऱ्हाइकं मात्र माना डोलवत.

आठवड्याने बसमध्ये यादी उघडली. ओळीने तीच गाणी, आणि प्रत्येकाशेजारी तिचा हसरा फोटो! अॅप दाखवतं ती दोघींच्या आवडीची जुळणी अठ्ठ्याऐंशीवरून बावन्न टक्क्यांवर. दुसऱ्या दिवशी ढमी यादीतून बाहेर पडलेली. निरोपही नाही.

चिमणी पार्लरमध्ये आली, पण तिने फोन स्पीकरला जोडलाच नाही.

"अगं, गाणी कुठे गेली?" मॅडम ओरडल्या.

"माझ्या फोनवर ती घाण नाही वाजणार, मॅडम."

"गाणं ते गाणं! तुला काय झोंबतंय?"

"माझा फोटो लागतो त्याला."

मॅडमना कळलं नाही. मॅडमचं तोंड फुगलेलं. जेवणाच्या सुट्टीत चिमणीने ढमीला फोन लावला.

"चिमणे, मला वाटलं तुझं डोकं फिरलं! यादीभर तुझ्या नावाने तो चिखल! नातवाला फिरवताना लावते मी ती यादी."

"विचारायचंस तरी, बये."

"विचारायचीही लाज वाटली."

हे चिमणीला गाण्यांपेक्षा जास्त लागलं. पण तिने नवी लिंक पाठवली, आणि ढमी पुन्हा आत आली.

नवी यादी उघडली. पहिलंच गाणं मॅडमच्या त्याच गाण्यांतलं, शेजारी चिमणीचा फोटो. अॅपला काय कळणार कोणी ऐकवलं!

"लगेच नाही धुवून निघणार," ढमी फोनवरच म्हणाली. "तू तुझं ऐकत राहा. मी थांबते यादीत."

चिमणीने नाक मुरडून ते गाणं पुढे ढकललं, आणि आपलं आवडतं लावून डबा उघडला.