उतरायला मनाई

सदर भागातल्या फ्लेक्सच्या दुकानांना मराठी मजकूर करून देणारी जयवंता मेश्राम फटकळ होती. पाट्यांचा ठेका घेणाऱ्या मनोहररावांचं आणि तिचं तर कधीच पटलं नाही.

एके दिवशी त्यांनी एका तलावाच्या पाटीचा इंग्रजी मजकूर तिच्यापुढे टाकला. हिंदीवरून मोबाईलनंच केलेला. ‘वॉटर इज डीप, लँडिंग इज फॉरबिडन.’

“तिथं विमानं उतरतात का?” तिनं विचारलं. “हिंदीत ‘उतरना मना है’ असणार. मूळ हिंदी दाखवा.”

“ते नाही माह्याजवळ. जसं हाय तसं मराठी करून द्या. चौकशी काहून करून राहिल्या?”

“नावेतून उतरायला मनाई की पाण्यात उतरायला? पाटी कुठं लागणार, ते कळल्याशिवाय मी लिहिणार नाही.”

मनोहररावांनी चडफडत जागेचा फोटो दाखवला. नाव कुठंच नव्हती. शेवाळलेल्या पायऱ्या सरळ पाण्यात गेल्या होत्या. तिनं लिहिलं, ‘पाणी खोल आहे. पायऱ्यांवरून पाण्यात उतरू नये.’

“इंग्रजीत पायऱ्या कुठं हायेत? मनचं घालायचा अधिकार कोणं देल्ला तुमाले?”

“मग लँडिंगच छापा आणि लोकांना हसू द्या.”

त्यांनी तिच्यादेखत ‘पायऱ्यांवरून’ खोडलं आणि कागद उचलून ते चालते झाले. पाटी लागली ती ‘पाणी खोल आहे. पाण्यात उतरू नये.’ अशी. अर्थ शाबूत होता, एवढ्यावर जयवंतानं समाधान मानलं. मनोहरराव मात्र पुन्हा कधी तिच्याकडे फिरकले नाहीत, आणि तिनंही त्यांना बोलावलं नाही.