मोठ्या मेमरीचा फोन

होटगी स्टेशनावर पंचवीस वर्षं एकत्र काम करूनही त्रिंबकला रावजी फारसा कळलाच नव्हता. त्याचा हेवा करण्यातच सगळी वर्षं गेली.

निवृत्तीनंतर दोघं सोलापुरात फोन घ्यायला गेले. एकाच फोनचे दोन प्रकार होते.

"कॅमेरा, बॅटरी सगळं तेच," दुकानातली कीर्ती म्हणाली. "फक्त मेमरी एकात १२८ जीबी, दुसऱ्यात २५६. नंतर वेगळं मेमरी कार्ड टाकता येत नाही."

तिनं दोघांचे जुने फोन उघडून पाहिले. रावजीच्या चौसष्ट जीबीत नातीच्या व्हिडिओंमुळे तिळाएवढीही जागा नव्हती. त्रिंबकच्या तेवढ्याच जीबीच्या फोनमध्ये निम्म्याहून जास्त मोकळी होती.

"या काकांना मोठा घ्या. तुम्हाला लहान पुरेल," ती त्रिंबकला म्हणाली.

त्रिंबकला ते झोंबलं. आपल्याला कुणी काही पाठवत नाही, हे त्या पोरीनं रावजीसमोरच बोलून दाखवलं होतं.

"मलाबी मोठाच दे."

"लेका, त्यात काय ज्वारी भरणार हाईस व्हय?" रावजी हसला.

महिन्याभरानं रावजी मुलाकडे नाशिकला निघाला. तिथंच तो पुढं वारला, त्यामुळे ती त्यांची शेवटचीच भेट ठरली. निघताना एसटीच्या खिडकीतून त्यानं विचारलं होतं, "भरला का रं फोन?"

"भरतोय की," त्रिंबक म्हणाला.