पातेल्यातलं उरलेलं शतावरीचं दूध

ताई बाळंतपणासाठी माहेरी, झरीला आली. बाळ झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला दूध पुरत नव्हतं, म्हणून आई सेलूच्या वैद्यांकडून शतावरीची पूड घेऊन आली. सकाळ-संध्याकाळ दुधात उकळायची, साखर घालायची, पेला ताईच्या हातात द्यायची. आणि पातेल्यात उरलेलं स्वतः प्यायची. बाळंतिणीसाठी केलेलं टाकायचं नाही, दुसऱ्यालाही द्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत.

चार दिवस मी नुसती बघत होते. दोन वर्षांपूर्वी आईच्या स्तनाची गाठ काढली होती. फाइल इंग्रजीत, म्हणून ती माझ्याकडेच असते. हार्मोनवर वाढणारा प्रकार, असं त्यात लिहिलं होतं. त्यासाठीच ती रोज एक गोळी घेते.

घरात मी फारसं बोलत नाही. पाचव्या दिवशी गच्चीवर जाऊन तिच्या डॉक्टरांना फोन केला. शतावरीत स्त्री-हार्मोनसारखं काम करणारं काही असू शकतं, असं त्या म्हणाल्या. अपाय होईलच असं नाही, पण होणार नाही याचीही खात्री नाही. तेव्हा आईनं घेऊ नये.

खाली आले तेव्हा आईच्या हातात पातेलं होतं.

"ते पिऊ नकोस."

"का? बायांच्या तब्येतीला लय चांगली असती. माझ्या आईनं मला पाजलीय."

"तुला तेव्हा गाठ नव्हती."

आई ताईकडे वळून म्हणाली, "बघ, वर्षातून एकदा बोलती, तेबी मला रागवायला."

"डॉक्टर नको म्हणाल्या. मी फोन केला होता."

"तू? फोन?" ताई इतकी हसली की बाळ दचकलं.

आईनं पातेलं ताईसमोर ठेवलं. "पी मग. समदं तुझं."

त्याच आठवड्यात गावातल्या आरोग्यसेविका, आशाताई, घरी आल्या. त्यांनी बाळाला नीट धरायला शिकवलं, दर दोन-तीन तासांनी पाजायला सांगितलं. बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध उतरतं, म्हणाल्या. पुढच्या भेटीत बाळाचं वजन वाढलेलं होतं. आई म्हणते शतावरीनं, आशाताई म्हणतात पाजण्यानं. मी वाद घालत नाही.

आई आता शतावरीसाठी मोजूनच दूध घेते, ताईच्या एका पेल्यापुरतं. परवा शेजारच्या काकू पूड मागायला आल्या. त्यांच्या गर्भाशयात गाठ आहे, अंगावरून फार जातं. आई डबा काढायला उठली आणि मध्येच थांबली.

"आधी तुमची फाइल आणा," ती म्हणाली. "आमची धाकटी वाचती. पुसायचं असलं तर डॉक्टरला फोनबी करती."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळाच्या लंगोटीची घडी घालत राहिले, पण त्या फाइल आणायला गेल्या तेव्हा वाचायचा चष्मा काढून जवळ ठेवला.