उरलेलं सिस्टर सांगतील

डायलिसिस विभागाच्या मुख्य सिस्टरना पेशंट मागे ‘परतबाई’ म्हणत. पेशंटनं काट्यावर उभं राहून वजन सांगितलं, की त्या म्हणायच्या, “उतरा. परत चढा.” पंचवीस वर्षांच्या नोकरीत या संशयानं किती जणांना वाचवलं, ते त्यांनाच ठाऊक. पण संशय काही युनिफॉर्मबरोबर खुंटीला टांगता येत नाही. नवरा म्हणायचा, “तुला घड्याळाच्या काट्यांचाही भरवसा नाही.”

विभागात रात्रीची पाळी सुरू करायची होती. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी प्रस्ताव मांडायला वीस मिनिटं दिली: पंधरा बोलायला, पाच प्रश्नांना. बोलणार तिघं. डॉक्टर गरज मांडणार, टेक्निशियन यंत्रांचं सांगणार आणि सिस्टर पेशंटचं. स्लाइड्स नऊ, प्रत्येकाच्या तीन. मिनिटांची वाटणी सिस्टरनीच केली. डॉक्टरांना चार, टेक्निशियनला चार, स्वतःला सहा, एक मिनिट हाताशी राखून. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना म्हणायची वाक्यंही त्यांनीच लिहिली. टेक्निशियननं शेवटी म्हणायचं होतं, “मशीनचं ऐकलंत; आता त्या मशीनला जोडलेल्या माणसांचं सिस्टर सांगतील.” हे वाक्य त्यांनी तीनदा खोडून जमवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला तेव्हा टेक्निशियनची चार मिनिटं सहा झाली होती, सिस्टरची सहा चार. आणि वाक्याच्या जागी होतं, “उरलेलं सिस्टर सांगतील.”

उरलेलं! पेशंट म्हणजे काय पातेल्याच्या तळाचा भात?

टेक्निशियन वर्षभरापूर्वी आलेला, मितभाषी. सिस्टरच्या मते फार कमी बोलणारा माणूस काहीतरी शिजवत असतो. त्यात परवा तो डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसलेला दिसला होता आणि सिस्टर आत जाताच दोघं गप्प झाले होते. आता सगळं जुळलं. रात्रपाळीचा प्रमुख नेमायचा होताच.

“डॉक्टर, ही वाटणी कुणी बदलली?”

“मी हो म्हटलं,” डॉक्टर मान खाली घालून म्हणाले. “करून तर बघू.”

“तीनच स्लाइड्सना सहा मिनिटं? एवढं काय सांगणार आहे तो?”

डॉक्टरांनी समोरची फाइल उघडली. पाणी मुरतंय, ते इथंच, सिस्टरनी मनाशी ठरवलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या पाणी शुद्ध करण्याच्या खोलीवरून जात होत्या. दार लोटलेलं. आतून पंपाची घरघर आणि टेक्निशियनचा आवाज. सिस्टर थांबल्या. भिंतीला कान लावायची लाज त्यांना कधीच वाटली नव्हती.

“म... म... म...”

मग दम घेतल्यासारखी शांतता. पुन्हा, “म... म...” आणि पाय आपटल्याचा आवाज.

माझ्या ‘मशीनचं ऐकलंत’ची टिंगल करतोय, असं वाटून त्यांनी दार ढकललं. आत तो एकटाच होता, टाकीकडे तोंड करून, हातात त्यांचा पहिला कागद. कपाळावर घाम.

“हे काय चाललंय?”

तो वळला. “अडतं, सिस्टर. म... ‘म’ आला की अडतं. लहानपणापासून.”

सिस्टरना एकदम आठवलं: हा ‘मशीन’ कधी म्हणतच नाही, ‘युनिट’ म्हणतो.

“आणि ती सहा मिनिटं?”

“अडलो तर वेळ हवा. डॉक्टरांना सांगितलं, नावच वगळा. ते ऐकेनात. शेवटी हे केलं. तुमचा वेळ घ्यायचा नव्हता, पण दुसरीकडे नव्हताच.”

“मला सांगायला काय धाड भरली होती?”

“तुम्ही सांगितलं असतं, परत बोलून दाखव.”

ते खरंच होतं. म्हणाल्या असत्याच त्या. त्यांनी तिथलं स्टूल ओढलं आणि पेन काढलं.

“बोलणं सोपवणाऱ्यानंच जोडणारं वाक्य म्हणायचं, असा काही कायदा नाही. तू तुझा शेवटचा आकडा सांग, माझ्याकडे बघ आणि बस. ते मी म्हणते. आणि तुझ्या पहिल्या स्लाइडला ‘म’पासून सुरू होणारं काय काय आहे?”

संध्याकाळी तिघांनी घड्याळ लावून तालीम केली. टेक्निशियनचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. एक मिनिट सिस्टरना परत मिळालं. वेळ कमी पडला तर सिस्टरची मधली स्लाइड गाळायची, हेही ठरलं. तरी घरी जाताना सिस्टरना शंका होतीच, की नेमक्या वेळी हा घात करणार.

घात डॉक्टरांनी केला. विश्वस्तांचे आभार मानता मानता त्यांनी राखीव मिनिट खाल्लं, वर आणखी एक. टेक्निशियन मात्र ठरल्याप्रमाणे बोलला. दोनदा अडला, थांबला, पुढे सरकला. शेवटचा आकडा सांगून त्यानं सिस्टरकडे पाहिलं. “ही झाली यंत्रं,” सिस्टर उठत म्हणाल्या, “आता त्यांना जोडलेली माणसं,” आणि मधली स्लाइड न दाखवताच पुढे गेल्या. पंधराव्या मिनिटाला त्या बसल्या.

पहिलाच प्रश्न एका वृद्ध विश्वस्तबाईंनी विचारला, “रात्री बिघाड झाला तर?”

टेक्निशियननं तोंड उघडलं आणि अडला. डॉक्टर पुढे झुकले. सिस्टरनी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय ठेवला. विश्वस्तबाई वाट पाहत राहिल्या.

“म... मशीन बंद पडलं तर,” तो म्हणाला, “आतलं रक्त हातानं पंप फिरवून पेशंटला परत देता येतं. ते आम्हा सगळ्यांना येतं.”

तीन महिन्यांसाठी रात्रपाळी मंजूर झाली.