चाळीस प्रश्न आणि एक पुठ्ठा

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. भिवंडीत यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांची एक सहकारी सोसायटी होती आणि तिला एक क्लार्क हवा होता. अर्ज बरेच आले. मग अध्यक्ष शेठचा पुतण्याही उमेदवार आहे अशी बातमी फुटली आणि परीक्षेच्या दिवशी आलो फक्त दोघं: तो पुतण्या आणि मी. मी गेले, कारण घरी वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी लागली तर बरं, न्हायतर उद्यापासून कांड्या भरायला बस." धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचं मशीन आमच्या पडवीत होतंच. आई दिवसभर त्यापुढे बसायची. मॅट्रिक होऊनही तिथंच बसायचं, हे मला नको होतं.

परीक्षा बाहेरच्या माणसानं घ्यावी असा सोसायटीचा नियम. म्हणून कल्याणहून एक निवृत्त गुरुजी बोलावले. शेठनी होकार दिला तो गुरुजींची शरीरयष्टी बघून; एवढासा माणूस काय नाही म्हणणार, असं त्यांना वाटलं असावं. गुरुजींनी नव्या पद्धतीचा पेपर काढला. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला अ, ब, क, ड अशा चार चौकटी, बरोबर चौकटीत खूण करायची. वर ठळक छापलेलं: बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा, कोऱ्याला शून्य, आणि एकाहून जास्त खुणा केल्या तर ते उत्तर चूक.

हे 'वजा' वाचूनच मी बिचकले. जिथं जरा शंका आली तिथं मी प्रश्न सोडला. असे बारा सोडले. पुतण्याची पेन्सिल मात्र थांबतच नव्हती. त्यानं दोनदा टोक काढून घेतलं.

तपासणी सगळ्यांसमोर, सोसायटीच्या माडीवर. गुरुजींनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. बरोबर उत्तरांच्या जागी त्याला चाळीस भोकं पाडलेली. हा पेपरवर ठेवायचा, भोकातून खूण दिसली की उत्तर बरोबर. शेठना ही युक्ती फारच आवडली. त्यांनी पुठ्ठा गुरुजींच्या हातातून घेऊन स्वतःच पुतण्याच्या पेपरवर ठेवला.

प्रत्येक भोकात खूण होती.

"चाळीसपैकी चाळीस!" शेठ ओरडले. "अरे, पेढे आणा!" आणि माझ्याकडे बघून दयेनं म्हणाले, "पोरी, तू बी खा."

गुरुजींनी पुठ्ठा उचलला. खाली चाळीसही प्रश्नांच्या चारही चौकटीत खुणा होत्या.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

पुतण्या मुळीच लाजला नाही. "चारातलं एक बरोबर असतंच ना? त्याचा एक मिळनार. तीन चुकले, त्याचे पाऊण कापनार. पाव तर हातात रातो! चाळीस पाव म्हंजी दहा. बसल्या जागी दहा मार्क!"

हिशोब चोख होता, हे आजही कबूल करावं लागतं. फक्त वरची सूचना त्यानं वाचली नव्हती. "जास्त खुणा म्हणजे ते एकच चुकीचं उत्तर," गुरुजी म्हणाले. "प्रत्येकी पाव वजा. एकूण वजा दहा. म्हणून पुठ्ठा ठेवायच्या आधी दुहेरी खुणा बघाव्या लागतात, शेठ. भोकातून त्या दिसत नाहीत."

मग त्यांनी माझा पेपर घेतला आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला, बरोबर उत्तरासकट. "प्रश्न एक, बरोबर, एक गुण. प्रश्न दोन, कोरा, शून्य. उत्तर होतं क. प्रश्न तीन, चूक, वजा पाव. उत्तर होतं अ." शेवटी चोवीस बरोबर, चार चूक, बारा कोरे. चोवीसातून एक गेला, तेवीस. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी आतून जळत होते. कोऱ्या बारांतल्या आठांचं उत्तर माझ्या मनात अगदी तेच होतं. कापतील म्हणून गप्प बसले होते.

शेठ मात्र हार मानणाऱ्यांतले नव्हते. "मना सांगा गुरुजी, लूम चालवला, कापडाला डॅमेज निघाला, तर मजुरी कापा, हक्क हाय तुमचा. पन ज्यानं लूमच बंद ठेवला त्याचं काय न्हाय कापायचं? बारा लूम बंद हायत हिचे!"

माडीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला स्वतःलाही ते पटलं.

गुरुजींनी पेन्सिल उचलली. "ठीक. कोऱ्यालाही पाव कापू. आणखी तीन गेले, वीस."

"पाव कसला? बंद लूमचा पूर्ण मार्क कापा."

"मग तेवीसातून बारा. अकरा. आणि यांचे वजा दहाच."

शेठनी कपाळाचा घाम पुसला. "मग कापाकापीच नको. भोकातून खूण दिसली की मार्क द्यायचा. पुठ्ठा तुमचा, मी न्हाय केला."

तसं झालं तर चाळीस विरुद्ध चोवीस. मला पडवीतलं मशीन दिसायला लागलं.

गुरुजींनी एक कोरा पेपर काढला आणि दाराशी डुलक्या घेत बसलेल्या रात्रीच्या वॉचमनला बोलावलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. "भाई, सगळ्या चौकटीत खूण करो." त्यानं मन लावून पेपर भरला. पुठ्ठा ठेवला. चाळीसच्या चाळीस.

"शेठ, हाही पहिला," गुरुजी म्हणाले.

वॉचमन घाबरला. "साब, मैं दिन की ड्युटी नहीं करूँगा. दिन में सोता हूँ."

सगळी माडी हसली. शेठही हसले, पण ते हसू लवकर विझलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तेवीस तर तेवीस. पन आता माझा एक प्रश्न. तोंडी. मी बोल्लो, रजिस्टरात ह्यो आकडा लिव, आन तुला ठाव हाय आकडा खोटा हाय. काय करशील?"

कोणतं उत्तर त्यांना हवं होतं, मला कळेना. 'शेठ म्हणतील तसं' हे उत्तर जिभेवर आलं होतं. गप्प राहणंही सोपं होतं. पण ते सोडलेले आठ प्रश्न अजून मनात सलत होते.

"न्हाय लिवणार," मी म्हणाले.

शेठ गुरुजींकडे वळले. "गुरुजी, ह्याचे किती?"

गुरुजी पुठ्ठा पिशवीत ठेवत होते. "याचं भोक मी पाडलेलं नाही. तुम्हीच ठरवा."

शेठनी पुतण्यासाठी मागवलेला पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला. "सोमवारपासून ये," ते म्हणाले आणि आवाज खाली आणून पुढं म्हणाले, "आन रजिस्टराला माझ्या पुतन्याला हात लावू देऊ नको."

पुतण्या तिथंच उभा होता. त्यानं ते ऐकलं. मी पेढा हातात घेतला, पण त्याच्यासमोर तो मला खाता आला नाही.